चार आकृत्या, तीन संयुगे: R–S विन्यास ठरवण्याची आणि मेसो संयुग ओळखण्याची रीत

दादरला संध्याकाळी बी.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना मी पहिल्या तासाला एक प्रश्न फळ्यावर लिहितो: टार्टारिक आम्लाचे त्रिमितीय समघटक किती? बहुतेक मुले 'दोन काइरल केंद्रे, म्हणून दोनाचा वर्ग, म्हणून चार' असे उत्तर देतात. एका शिकवणी वर्गाच्या छापील टिपणांतही मी हेच उत्तर पाहिले आहे, आणि त्याखाली चार आकृत्या नीट काढलेल्या होत्या. आकृत्या चारच निघतात, हे खरे. पण संयुगे तीन असतात, कारण चारांपैकी दोन आकृत्या एकाच पदार्थाच्या असतात. त्या पदार्थाला मेसो म्हणतात. कोणत्या दोन, आणि ते कशावरून कळते, हे या लेखात एकेक पायरी उलगडून दाखवायचे आहे. त्यासाठी मी बाजारात मिळणाऱ्या चिंचेचा आधार घेतो, कारण तिच्या आंबटपणाला मुख्यतः टार्टारिक आम्लच कारणीभूत असते. चिंचेला या तिघांपैकी एकच समघटक बनवता येतो, हेही लक्षात ठेवावे.

टार्टारिक आम्लाची रचना साधी आहे: HOOC–CH(OH)–CH(OH)–COOH. चार कार्बनांच्या साखळीत दोन्ही टोकांना COOH आहेत आणि मधल्या दोन कार्बनांवर प्रत्येकी एक OH व एक H आहे. टोकापासून क्रमांक दिले, तर मधले कार्बन C2 आणि C3 होतात. C2 ला जोडलेले चार गट असे: OH, COOH, H आणि उरलेली साखळी, म्हणजे C3 पासून पुढचा भाग. चारही गट वेगवेगळे आहेत, म्हणून C2 काइरल केंद्र आहे, आणि त्याच कारणाने C3 सुद्धा आहे. काइरल केंद्र शोधताना नवखा विद्यार्थी बहुधा फक्त शेजारचा अणू पाहतो आणि 'C2 ला दोन कार्बन जोडलेले आहेत, म्हणजे दोन गट सारखे' असे म्हणून थांबतो. गट म्हणजे एक अणू नव्हे, तर त्या बंधापलीकडचा सगळा भाग, ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की केली की पुढचे बरेच घोटाळे टळतात.

अग्रक्रम लावणे

विन्यास म्हणजे काइरल केंद्रावरच्या चार गटांची अवकाशातली मांडणी. तो ठरवण्याची जी पद्धत आज सगळीकडे वापरतात, ती काहन, इनगोल्ड आणि प्रेलॉग या तिघांच्या नावाने ओळखली जाते. तिघांच्या १९६६ सालच्या लेखात तिचे नियम सविस्तर मांडले गेले, आणि प्रेलॉग यांना १९७५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धतीचा गाभा इतकाच की, चार गटांना अग्रक्रम लावायचा, सर्वांत खालच्या क्रमांकाचा गट आपल्यापासून दूर ठेवायचा, आणि उरलेले तीन गट १ → २ → ३ असे कोणत्या दिशेने फिरतात ते पाहायचे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले तर R, उलट फिरले तर S.

अग्रक्रम अणुअंकावरून लागतो. केंद्राला थेट जोडलेल्या अणूंमध्ये ज्याचा अणुअंक मोठा, तो वरचा. टार्टारिक आम्लाच्या C2 वर ऑक्सिजन पहिला आणि हायड्रोजन शेवटचा, यात वाद नाही. प्रश्न उरतो तो COOH आणि C3 या दोन कार्बनांचा, कारण दोघांचा अणुअंक सहाच. अशा वेळी एक पायरी पुढे जाऊन त्या दोन कार्बनांवर काय काय बसले आहे त्याच्या याद्या करायच्या, आणि प्रत्येक यादी मोठ्याकडून लहानाकडे लिहायची. COOH चा कार्बन एका ऑक्सिजनशी एकेरी आणि दुसऱ्याशी दुहेरी बंधाने जोडलेला आहे. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन दोनदा मोजायचा असल्यामुळे त्याची यादी (O, O, O) होते. C3 वर एक ऑक्सिजन, एक कार्बन आणि एक हायड्रोजन आहे, म्हणून त्याची यादी (O, C, H). पहिल्या जागी दोघांकडे ऑक्सिजन आहे, पण दुसऱ्या जागी COOH कडे ऑक्सिजन आणि C3 कडे कार्बन आहे, म्हणून COOH वरचा ठरतो. सगळा क्रम असा: OH पहिला, COOH दुसरा, C3 ची साखळी तिसरी, H चौथा. C3 साठीही हाच क्रम लागतो, फक्त तेव्हा COOH म्हणजे C4 आणि साखळी म्हणजे C2 हे भान ठेवावे लागते.

याद्यांची तुलना करताना बेरीज करायची नसते. पहिल्या फरकापाशीच निकाल लागतो. समजा एका बाजूला CH2SH आहे आणि दुसऱ्या बाजूला COOH. याद्या अनुक्रमे (S, H, H) आणि (O, O, O). बेरीज केली तर पहिलीची १६ + १ + १ म्हणजे १८ आणि दुसरीची २४. म्हणून COOH मोठा वाटतो. पण पहिल्याच जागी गंधक ऑक्सिजनपेक्षा वरचढ आहे, म्हणून CH2SH वरचा. प्रथिनांमध्ये सापडणाऱ्या सिस्टीन या अमिनो आम्लात हीच गोष्ट घडते. सेरीन आणि सिस्टीन यांची अवकाशातली मांडणी सारखी असते, फक्त एकात OH च्या जागी दुसऱ्यात SH असते, आणि तरीही सेरीनला S व सिस्टीनला R अशी अक्षरे मिळतात. अक्षर बदलले म्हणजे अणू उलटा झाला असे नव्हे. नियमानुसार गटांचे क्रमांक बदलले, एवढेच. साखळीच्या लांबीलाही या नियमात स्थान नाही. चार कार्बनांच्या सरळ साखळीपेक्षा तीन कार्बनांचा फांदीदार CH(CH3)2 वरचा असतो, कारण त्याची यादी (C, C, H) आहे आणि सरळ साखळीची (C, H, H).

दिशा वाचणे

चौथा गट आपल्यापासून दूर ठेवायचा म्हणजे काय, हे मी मुलांना बेस्टच्या बसचालकाच्या जागेवर बसवून समजावतो. चालकाच्या हातातले चाक म्हणजे पहिले तीन गट, आणि चाकापासून पुढे, त्याच्यापासून दूर, खाली जाणारा दांडा म्हणजे चौथा गट. १, २, ३ या क्रमाने बोट फिरवताना चाक उजवीकडे वळत असेल तर R, डावीकडे वळत असेल तर S. पण तोच दांडा आपल्या छातीकडे येत असेल, तर आपण चाकाच्या मागून पाहत आहोत, आणि मग दिसलेली दिशा उलटी करून घ्यावी लागते.

भरीव आणि तुटक पाचरांनी काढलेल्या आकृतीत ही अट तपासणे सोपे असते. भरीव पाचर म्हणजे कागदातून आपल्याकडे येणारा बंध आणि तुटक पाचर म्हणजे मागे जाणारा. चौथा गट तुटक पाचरेवर असेल तर दिसते तेच अक्षर लिहावे. भरीव पाचरेवर असेल तर उलटे लिहावे. तो कागदाच्याच प्रतलात, साध्या रेघेवर असेल, तर कागदावर त्याची तुटक पाचरेवरच्या गटाशी अदलाबदल करावी, दिशा वाचावी आणि शेवटी अक्षर उलटावे, कारण कोणत्याही दोन गटांची एकदा अदलाबदल केली की केंद्राचा विन्यास उलटतो. दोनदा केली की पूर्ववत होतो.

फिशर प्रक्षेपणात पाचरा नसतात, फक्त उभ्या आणि आडव्या रेघा असतात. तेथे संकेत असा आहे की आडवे बंध आपल्याकडे येतात आणि उभे बंध मागे जातात. टार्टारिक आम्लाची आकृती काढताना साखळी उभी ठेवली की H नेहमी आडव्या रेघेवर, म्हणजे आपल्या बाजूला येतो. म्हणून या आकृत्यांत दिसलेली दिशा प्रत्येक वेळी उलटी करायची. विद्यार्थी असताना मी एका परीक्षेत C2 वर ही उलटापालट केली आणि C3 वर विसरलो, आणि परिणामी चिंचेच्या आम्लाला मेसो म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून मी आधी सगळ्या केंद्रांची दिसणारी दिशा लिहून काढतो आणि मगच एकदम सगळी अक्षरे उलटवतो. उलटण्याचे काम मनात, मध्येच, एकेका केंद्रावर करत नाही.

चारही आकृत्यांचे उदाहरण

आता पहिली आकृती घेऊ. तिला 'अ' म्हणू.

```
       COOH
        |
   H ---C--- OH     (C2)
        |
  HO ---C--- H      (C3)
        |
       COOH
```

C2 वर पहिला गट OH उजवीकडे आहे, दुसरा COOH वर आहे आणि तिसरा, म्हणजे C3 ची साखळी, खाली आहे. उजवीकडून वर आणि वरून खाली जाताना बोट डावीकडून फिरते, म्हणजे घड्याळाच्या उलट. H आपल्याकडे असल्यामुळे हे उलटायचे, म्हणून C2 हा R. C3 वर OH डावीकडे आहे, COOH खाली आहे आणि साखळी, म्हणजे C2, वर आहे. डावीकडून खाली आणि खालून वर जाताना बोट उजवीकडून फिरते, तेही घड्याळाच्या उलट. उलटले की C3 सुद्धा R. म्हणून 'अ' हे (2R,3R) आहे, आणि चिंचेत हेच असते.

येथे एक बारीक जागा आहे, जिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही केंद्रांवर R आले, तरी OH एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे आहे. C2 वर COOH वर असतो आणि C3 वर तो खाली असतो. त्यामुळे 'OH उजवीकडे म्हणजे R' हा झटपट नियम वरच्या केंद्राला लागू पडतो आणि खालच्या केंद्राला नेमका उलटा पडतो. ज्यांनी हा नियम पाठ केलेला असतो, त्यांचे उत्तर निम्म्या वेळा चुकते.

'आ' ही आकृती 'अ' ची आरसाप्रतिमा: C2 वर OH डावीकडे, C3 वर उजवीकडे. वरच्याच रीतीने पाहिले तर ती (2S,3S) येते. ही दोन्ही संयुगे एकमेकांवर बसवता येत नाहीत. अशा जोडीला एनॅन्शिओमर म्हणतात. 'इ' या आकृतीत दोन्ही OH उजवीकडे असतात:

```
       COOH
        |
   H ---C--- OH     (C2)
        |
   H ---C--- OH     (C3)
        |
       COOH
```

C2 ची मांडणी 'अ' सारखीच आहे, म्हणून R. C3 वर आता OH उजवीकडे, COOH खाली, साखळी वर. उजवीकडून खाली आणि खालून वर म्हणजे घड्याळाच्या दिशेने, उलटले की S. म्हणून 'इ' हे (2R,3S). 'ई' मध्ये दोन्ही OH डावीकडे येतात आणि उत्तर (2S,3R) निघते. कागदावर ही दोन वेगवेगळी नावे दिसतात, आणि शिकवणीच्या टिपणातली चूक येथेच जन्माला येते. 'ई' चा कागद टेबलावरून न उचलता अर्धा फिरवा, म्हणजे १८० अंशांनी. वरचा COOH खाली येतो, खालचा वर जातो, आणि दोन्ही OH डावीकडून उजवीकडे येतात. म्हणजे 'इ' च तयार होते. साखळीला कोणत्या टोकाकडून क्रमांक द्यायचे एवढाच त्या दोन नावांतला फरक होता, आणि अशा वेळी R ला लहान क्रमांक मिळेल असे क्रमांक देण्याचा संकेत असल्याने त्याचे नाव (2R,3S) असेच लिहितात. हेच मेसो टार्टारिक आम्ल.

कागद फिरवण्याच्या या चाचणीला दोन मर्यादा आहेत. फिशर आकृती ९० अंशांनी फिरवता येत नाही, कारण त्यामुळे आपल्याकडे येणारे आडवे बंध उभे होतात आणि उभ्या बंधांना आपण मागे जाणारे मानतो. विन्यास आपोआप उलटतो. तसेच कागद उचलून पालथा करायचा नाही, कारण मग पुढचे मागे होते. टेबलावर सपाट ठेवून अर्धा फेरा, एवढीच सूट आहे.

मेसो म्हणजे नेमके काय

नमस्कार करणाऱ्या माणसाचे दोन तळहात समोरासमोर असतात. उजवा तळहात डाव्यावर बसवता येत नाही, म्हणून प्रत्येक हात स्वतः काइरल आहे. पण दोघे मिळून जी आकृती होते, तिच्या मधोमध आरसा धरला तर एक अर्धा दुसऱ्यात उतरतो. मेसो संयुगाचे तसेच असते. त्याच्यात काइरल केंद्रे असतात, पण एकाचा R हा दुसऱ्याच्या S चे प्रतिबिंब असल्याने संपूर्ण रेणू स्वतःच्या आरसाप्रतिमेशी एकरूप असतो. म्हणूनच मेसो टार्टारिक आम्लाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवत नाही, तर चिंचेतले (2R,3R) आम्ल पाण्यात ते सुमारे +१२ अंशांनी फिरवते.

प्रकाश न फिरवणारा आणखी एक नमुना असतो, तो म्हणजे 'अ' आणि 'आ' यांचे समान प्रमाणातले मिश्रण, ज्याला रेसिमिक म्हणतात. शून्य हे वाचन दोन्हीकडे सारखे असले तरी कारण वेगळे. रेसिमिक मिश्रणात दोन वेगळे रेणू एकमेकांचा परिणाम पुसतात, म्हणून त्यांना वेगळे करता येते. लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे उजवे आणि डावे स्फटिक चिमट्याने वेचून हे करून दाखवले. मेसोच्या बाटलीत एकाच प्रकारचे रेणू असतात, त्यामुळे तिथे वेगळे करण्यासारखे काहीच नसते. द्रवणांकावरूनही फरक कळतो: शुद्ध (2R,3R) सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळते, रेसिमिक २०० अंशांच्याही वर जाते, आणि मेसो या दोघांपेक्षा खाली वितळते.

R अक्षराचा आणि + चिन्हाचा काही संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकतो. चिंचेतले आम्ल R,R आणि +, तर स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल S आणि तरीही +. अक्षर हे नियमाने ठरते, चिन्ह हे उपकरणाने मोजावे लागते. आरसाप्रतिमांच्या जोडीतले कोणते संयुग कोणत्या आकृतीने दाखवायचे, हा उजव्या-डाव्याचा निर्णय फिशर यांनी एका अंदाजावर घेतला होता. तो बरोबर होता हे १९५१ साली बायव्हुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या सोडियम-रुबिडियम क्षारावर क्ष-किरण वापरून सिद्ध केले, आणि तेव्हाच 'निरपेक्ष' विन्यास हा शब्द खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागला.

समघटकांच्या गटातून मेसो निवडणे

परीक्षेत चार-पाच संयुगे देऊन मेसो कोणते असे विचारतात. मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारायला सांगतो. पहिला: रेणूत दोन किंवा अधिक काइरल केंद्रे आहेत का? नसतील तर थांबा. दुसरा: साखळीचे दोन अर्धे रचनेने अगदी सारखे आहेत का? नसतील तर थांबा; येथे मेसो शक्यच नाही. तिसरा: समोरासमोरच्या केंद्रांपैकी एक R आणि दुसरे S आहे का? तिन्ही उत्तरे 'होय' आली तरच मेसो.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पेंटेन-2,3-डायॉल आणि पेंटेन-2,4-डायॉल शेजारी ठेवले की दिसते. पहिल्यात OH दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनावर आहेत. C2 च्या बाहेर CH3 आहे आणि C3 च्या बाहेर CH2CH3. अर्धे सारखे नाहीत, म्हणून (2R,3S) आणि (2S,3R) ही खरोखरच दोन वेगळी संयुगे आहेत, एकमेकांची आरसाप्रतिमा, आणि एकूण समघटक चार. 'R आणि S एकत्र आले म्हणजे मेसो' असे धरणाऱ्याची येथे फसगत होते. दुसऱ्यात C3 मधोमध आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणून (2R,4S) मेसो आहे आणि एकूण समघटक तीन.

तिसरा प्रश्न मी अक्षरे काढूनच सोडवायला का सांगतो, याचे कारण नागमोडी साखळीच्या आकृत्या. टार्टारिक आम्ल नागमोडी काढून दोन्ही OH भरीव पाचरांवर दाखवले, तर ते सममित दिसते आणि मुले त्याला लगेच मेसो म्हणतात. डावीकडून क्रमांक देऊन, C2 नागमोडीच्या वरच्या टोकावर आणि C3 खालच्या टोकावर असे धरून अक्षरे काढली, की दोन्हीकडे S येते. म्हणजे ते (2S,3S), काइरल. याउलट एक OH भरीव आणि एक तुटक असलेली, डोळ्याला विषम वाटणारी आकृती खरी मेसो. पेंटेन-2,4-डायॉलमध्ये मात्र दोन्ही OH भरीव असतील तरच मेसो होतो. शेजारच्या दोन कार्बनांपैकी एक वर आणि एक खाली असतो. एक सोडून एक कार्बन मात्र एकाच बाजूला असतात. दोन आकृत्यांतला फरक त्यातून आला. त्यामुळे पाचरांच्या रंगरूपावरून निर्णय घेऊ नये, अक्षरे काढावीत.

याच ठिकाणी एक शंका हमखास येते. नागमोडी आकृतीत मेसो टार्टारिक आम्लाला आरशाचे प्रतल दिसतच नाही, मग ते मेसो कसे? एकेरी बंधाभोवती रेणू फिरत राहतो. फिशर आकृती त्याला अशा स्थितीत दाखवते जिथे गट एकमेकांसमोर येतात आणि प्रतल स्पष्ट दिसते. नागमोडी स्थितीत प्रतल नसले तरी मध्यबिंदूभोवतीची सममिती असते, म्हणजे एका OH पासून मध्यातून सरळ रेघ ओढली की पलीकडे दुसरा OH येतो. दोहोंपैकी कोणतीही एक सममिती एका स्थितीत सापडली तरी संयुग अकाइरल ठरवायला पुरे. काही वळलेल्या स्थितींत दोन्ही नसतात, पण अशा प्रत्येक स्थितीच्या जोडीला तिची आरसाप्रतिमाही त्याच द्रावणात तितक्याच प्रमाणात असते.

दोनाच्या घातांकाचा नियम कुठे कमी पडतो याचे शेवटचे उदाहरण थोडे अवघड आहे, पण ज्यांना टार्टारिक आम्ल नीट समजले त्यांना ते जमते. साखळीत आणखी एक CH(OH) घातला की 2,3,4-ट्रायहायड्रॉक्सी-पेंटेनडायोइक आम्ल मिळते: पाच कार्बन, दोन्ही टोकांना COOH, मध्ये तीन OH. फिशर पद्धतीने आठ आकृत्या निघतात, आणि प्रत्येक आकृती अर्धा फेरा देऊन दुसऱ्या कोणत्या तरी आकृतीशी जुळते, म्हणून संयुगे चारच. तिन्ही OH उजवीकडे असलेल्या आकृतीत C2 हा R आणि C4 हा S येतो. मधला OH तेवढा डावीकडे नेला तरी C2 आणि C4 तसेच राहतात. दोन्ही मेसो आहेत आणि दोन्ही वेगळी संयुगे आहेत. मधल्या C3 वरचे दोन अर्धे रचनेने सारखे असले तरी एक R बाजूचा आणि एक S बाजूचा आहे. अशा वेळी R ला S पेक्षा वरचा मानून विन्यास काढतात आणि तो लहान अक्षरात लिहितात. तिन्ही OH उजवीकडे असलेले संयुग त्यामुळे (2R,3r,4S) आणि दुसरे (2R,3s,4S). लहान अक्षराचा अर्थ असा की रेणूची आरसाप्रतिमा घेतली तरी ते अक्षर बदलत नाही. उरलेल्या दोन संयुगांत C2 आणि C4 दोघेही R किंवा दोघेही S असतात. तेथे C3 वर दोन अगदी एकसारखे गट येतात, म्हणून त्याला कोणतेच अक्षर देता येत नाही. त्याच्यावरचे OH आणि H अदलाबदल करून पाहा, आणि कागद अर्धा फिरवा: तीच आकृती पुन्हा समोर येईल.